विरजण बदलते, मग वाण टिकवायचा कसा?

घरचे विरजण वर्षानुवर्षे चालते. काल लावलेल्या दह्यातले चमचाभर आज दुधात, आजच्यातले उद्या. पण सहा महिन्यांपूर्वीचे दही आणि आजचे दही एकच आहे का, असे विचारले तर घरातली जाणती बाई मान हलवून ‘नाही’ म्हणेल. उन्हाळ्यात ते आंबट होते, कधी त्याला तार सुटते, मग शेजारून नवे विरजण मागून आणावे लागते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या अनेक प्रयोगशाळांत जिवाणूंचा संग्रह नेमक्या याच पद्धतीने सांभाळला जातो. फरक एवढाच, की तिथे नवे विरजण शेजारी मिळत नाही आणि जुने बिघडले आहे हे बरेचदा प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी कळते.

महाविद्यालयातल्या अशा संग्रहात साधारण वीस-तीस प्रकारचे जिवाणू असतात. ई. कोलाय, बॅसिलस सब्टिलिस, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, प्रोटियस, स्युडोमोनास आणि लाल रंगाचा सेरॅशिया मार्सेसेन्स ही त्यातली नेहमीची मंडळी. परीक्षानळीत पोषक अगार तिरका गोठवतात, त्याला स्लँट म्हणतात. त्यावर जिवाणू वाढवून नळी फ्रिजमध्ये ठेवतात आणि महिना-दीड महिन्याने तारेच्या कडीने, म्हणजे लूपने, थोडा अंश उचलून नव्या स्लँटवर लावतात. काम सोपे आणि स्वस्त आहे. सगळी अडचण हिशेबात आहे. लूपवर दहा लाख पेशी आल्या आणि नव्या स्लँटवर त्यांच्या शंभर कोटी झाल्या, तर त्या साधारण दहा वेळा दुप्पट झाल्या, म्हणजे दहा पिढ्या उलटल्या. महिन्याला एक लागवड धरली तर वर्षाला १२० आणि दहा वर्षांत १,२०० पिढ्या होतात. प्रत्येक पिढीत गुणसूत्राची नक्कल होताना कुठे ना कुठे चूक होते आणि स्लँटवर अधिक जोमाने वाढणारी पेशी पुढे जाते. जो गुण शिकवण्यासाठी तो जिवाणू संग्रहात ठेवला, त्या गुणाचा स्लँटवर जगायला काही उपयोग नसेल, तर तो हळूहळू गळून पडतो.

सेरॅशिया पांढरा पडतो, तो असा. (अर्थात त्याला ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये वाढवले तरी लाल रंग येत नाही. त्यामुळे संग्रहाला दोष देण्याआधी तापमान पाहावे. २५ ते ३० अंशांनाही तो पांढराच राहिला, तर मात्र रंग गमावलेला प्रकार हाती आहे.) हालचाल करणारा जिवाणू आळशी होतो. आणि या सगळ्यापेक्षा अधिक वेळा घडणारी गोष्ट म्हणजे भेसळ. एखाद्या लागवडीच्या वेळी हवेतला दुसराच जिवाणू नळीत शिरतो आणि लेबल मात्र जुनेच राहते. परीक्षेत ‘अज्ञात जिवाणू ओळखा’ म्हणून हीच नळी विद्यार्थ्याच्या हाती पडते. तो चाचण्या नीट करतो, उत्तर बरोबर काढतो आणि गुण गमावतो, कारण परीक्षकाकडचे उत्तर लेबलवरून आलेले असते.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत हाच प्रकार अधिक महाग पडतो. कोणते प्रतिजैविक रुग्णाला लागू पडेल हे पाहण्यासाठी जिवाणू वाढवलेल्या थाळीवर औषधाच्या चकत्या ठेवतात आणि भोवतालचे स्वच्छ वर्तुळ मोजतात. चकत्या चांगल्या आहेत ना, हे तपासायला ओळखीचे प्रमाण जिवाणू लागतात. त्यातला ई. कोलाय एटीसीसी ३५२१८ हा अ‍ॅम्पिसिलिनला दाद देत नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलेनेटसारख्या जोडऔषधांतला दुसरा घटक काम करतो की नाही, हे त्याच्यावर कळते. पण त्याची ही प्रतिकारशक्ती प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असते आणि वारंवार लागवड केली की काही पेशी हा कडा टाकून देतात. मग क्लॅव्युलेनेट निकामी झालेल्या चकतीभोवतीही छान मोठे वर्तुळ उमटते आणि खराब चकती पास होते. असे झाले आहे का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. या जिवाणूच्या थाळीवर नुसत्या अ‍ॅम्पिसिलिनची चकती ठेवावी. तिच्याभोवती वर्तुळ दिसलेच, तर त्या नळीतला प्लास्मिड गेला, असे समजून ती टाकून द्यावी.

मग वाढ थांबवून जिवाणू जिवंत ठेवायचा कसा? यावरचे पहिले उत्तर औषधाच्या कोणत्याही दुकानात मिळते, ते म्हणजे ग्लिसरीन, रसायनशास्त्रात ज्याला ग्लिसरॉल म्हणतात. गोठवण्यात त्याचा उपयोग कळला तो लेबलाच्या घोटाळ्यातून. १९४० च्या दशकाच्या अखेरीस लंडनजवळच्या मिल हिल येथे ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्रे स्मिथ आणि अ‍ॅलन पार्क्स हे कोंबड्याचे वीर्य साखरेच्या द्रावणात गोठवून पाहत होते. अनेकदा अपयश आल्यावर एका बाटलीतल्या द्रावणात मात्र शुक्राणू जगले. त्या बाटलीतल्या द्रावणाचे पृथक्करण केले, तेव्हा त्यात साखर नव्हतीच, ग्लिसरॉल आणि प्रथिने होती. बाटल्यांच्या लेबलांची अदलाबदल झाली होती. १९४९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. लेबल चुकून फायदा झाल्याची अशी उदाहरणे फार नाहीत.

ग्लिसरॉल काय करते, ते पाहू. पाणी गोठू लागले की बर्फ आधी पेशीच्या बाहेर तयार होतो. बर्फात मीठ राहत नाही, त्यामुळे उरलेले पाणी अधिकाधिक खारट होते आणि ते पेशीतले पाणी बाहेर ओढते. पेशी सुकते, आतले क्षार दाट होतात, आवरण फाटते. फार झटपट गोठवले तर पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि पेशीच्या आतच बर्फाचे कण होतात. ग्लिसरॉल पाण्याला धरून ठेवते, बर्फ कमी होऊ देते आणि पेशीच्या आतही शिरते. त्यामुळे क्षारांची दाटी सोसण्याजोगी राहते. उणे ८० अंशांना पेशीतल्या जवळपास सगळ्या रासायनिक क्रिया थांबतात. पिढीच वाढत नाही, तर बदलणार काय?

कृती अशी. ग्लिसरॉल आणि पाणी समप्रमाणात घेऊन ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना १५ मिनिटे निर्जंतुक करायचे. शुद्ध ग्लिसरॉल वापरण्याचा मोह टाळावा, कारण ते पिपेटमध्ये चिकटून बसते आणि माप चुकते. दुसरीकडे जिवाणू आधी थाळीवर रेघा ओढून पसरवायचा आणि एकट्या, सुट्या वसाहतीपासून द्रव माध्यमात रात्रभर वाढवायचा. वाढ पूर्ण होऊन स्थिरावत आलेल्या पेशी गोठणे अधिक चांगले सोसतात, म्हणून घाई करून अर्धवट वाढलेले संवर्धन घेऊ नये. लहान प्लास्टिकच्या कुपीत अर्धा मिलिलिटर संवर्धन आणि अर्धा मिलिलिटर ग्लिसरॉलचे द्रावण घातले की ग्लिसरॉलचे अंतिम प्रमाण २५ टक्के होते. आता कुपी अनेकदा उलटसुलट करायची. ग्लिसरॉल जड असल्याने तळाला बसते. नीट न मिसळलेल्या कुपीत वरच्या पेशी विनाग्लिसरॉल गोठतात, आणि पुढे खरवडून घेतो तो थर नेमका वरचाच असतो.

जिवाणू हवा असेल तेव्हा कुपी वितळू द्यायची नाही. बर्फावर किंवा गोठवलेल्या ठोकळ्यात ठेवून लूपने वरचा थर जरासा खरवडायचा, थाळीवर पसरायचा आणि कुपी लगेच परत आत ठेवायची. दर वेळी वितळले आणि पुन्हा गोठवले की पेशींचा मोठा वाटा मरतो.

इथे बहुतेक महाविद्यालयांची अडचण सुरू होते. उणे ८० चा फ्रीझर महाग असतो आणि विभागात असतो तो उणे २० चा. या तापमानाला २५ टक्के ग्लिसरॉलचे मिश्रण पूर्ण गोठत नाही, बर्फाच्या गोळ्यासारखे भुसभुशीत राहते. क्षारांनी दाटलेल्या पाण्यात पेशी महिनोन्‌महिने बुडून असतात आणि त्यांच्यातली विकरे मंदपणे चालूच राहतात. अशा कुप्या काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षे कामाला येतात. त्यांच्यावर दहा वर्षांचा भरवसा ठेवता येत नाही. त्यात फ्रीझर बर्फ न साचणारा, म्हणजे ‘फ्रॉस्ट-फ्री’ असेल तर पाहायलाच नको. बर्फ साचू नये म्हणून तो आतल्या आत ठराविक वेळाने गरम होतो आणि कुप्यांचे तापमान वरखाली होत राहते. भाजीला सोयीचा हा फ्रिज जिवाणूंना घातक. बर्फ साचणारा जुन्या पद्धतीचा फ्रीझर त्यापेक्षा बरा, आणि वीज गेली तर त्याचे दार उघडून ‘काय झाले’ ते पाहू नये, हेही बरे.

‘पण माझ्या कुपीतून तर भरपूर वाढ येते,’ असे यावर हमखास ऐकू येते. ही वाढ फसवी असते. कुपीत पन्नास कोटी पेशी होत्या आणि त्यातल्या नव्व्याण्णव टक्के मेल्या, तरी पन्नास लाख उरल्या. थाळीवर त्या दाट, तजेलदार दिसतात. किती मेल्या हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी दहापट, दहापट असे पातळ करत जायचे आणि वसाहती मोजायच्या. उदाहरण घेऊ. रात्रभर वाढवलेले संवर्धन दहा लाख पट पातळ करून त्यातला दशांश मिलिलिटर थाळीवर पसरला आणि १५० वसाहती आल्या, तर एका मिलिलिटरमध्ये १५० कोटी जिवंत पेशी होत्या. ग्लिसरॉल समप्रमाणात मिसळल्यावर अपेक्षा ७५ कोटींची. महिनाभराने उणे ८० च्या कुपीतून त्याच पातळीला ६६ वसाहती मिळाल्या, म्हणजे ६६ कोटी, सुमारे ८८ टक्के पेशी शिल्लक. हे उत्तम. उणे २० ला वर्षभर राहिलेल्या कुपीतून एक लाख पट पातळ करून ९० वसाहती आल्या, तर हिशेब ९ कोटींचा, म्हणजे १२ टक्केच शिल्लक. ही कुपी अजून चालते, पण नवी भरायची वेळ आली आहे. वर्षातून एकदा असे मोजले तर उतरण आधीच दिसते.

चांगल्या गोठवणीची ताकद किती, ते अमेरिकेतल्या रिचर्ड लेन्स्की यांच्या प्रयोगात दिसते. १९८८ पासून त्यांनी ई. कोलायच्या बारा वंशावळी रोज नव्या माध्यमात वाढवल्या आणि दर ५०० पिढ्यांनी प्रत्येकीचा नमुना ग्लिसरॉलसह गोठवून ठेवला. हवेच्या सान्निध्यात ई. कोलाय सायट्रेटवर वाढत नाही, हे प्रत्येक विद्यार्थी ओळख-चाचण्यांत शिकतो. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर यातली एक वंशावळ सायट्रेटवर वाढू लागली! ही भेसळ नव्हे, बदलच आहे, हे दाखवता आले, आणि त्याची पूर्वतयारी केव्हा झाली याचाही माग काढता आला. कारण गोठवलेले पूर्वज जिवंत करून त्यांच्यावर तोच प्रयोग पुन्हा करता आला.

फ्रीझरवर मुळीच अवलंबून राहायचे नसेल तर दुसरी पद्धत म्हणजे गोठवून सुकवणे, लायोफिलायझेशन. कापूर किंवा डांबराची गोळी न वितळता उडून जाते, तसा निर्वातात बर्फही उडतो. हवेचा दाब नेहमीच्या दहाहजाराव्या हिश्श्याच्या आसपास आणला की गोठलेल्या जिवाणूंतले पाणी द्रव न होताच वाफ बनून निघून जाते आणि यंत्राच्या थंड कुंडलीवर बर्फ होऊन बसते. इन्स्टंट कॉफीचे चांगले प्रकार याच रीतीने बनतात.

इथे ग्लिसरॉल चालत नाही, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. ते उडून जात नाही, मागे चिकट पाक उरतो. त्याच्या जागी साय काढलेले दूध वापरतात. १०० मिलिलिटर पाण्यात २० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी घालून ती ११५ अंशांना दहा मिनिटे निर्जंतुक करायची. १२१ अंशांना अधिक वेळ ठेवली तर ती तपकिरी होते आणि मग निरुपयोगी. दुधातली साखर आणि प्रथिने पाण्याची जागा घेऊन पेशीचे आवरण सावरून धरतात आणि कोरडी भुकटी एकत्र राखतात. अगारवर दाट वाढलेले जिवाणू या दुधात कालवायचे, मिलिलिटरला सुमारे १,००० कोटी पेशी असे. काचेच्या बारीक अँप्युलमध्ये ०.२ मिलिलिटर घालायचे, कापसाचा बोळा बसवायचा, गोठवायचे आणि यंत्राला जोडायचे. सुकवण दोन टप्प्यांत होते. आधी बर्फ जातो, मग पेशींना धरून बसलेले थोडे पाणी. शेवटी ओलावा एक ते तीन टक्के उरावा. त्यापेक्षा जास्त उरला तर साठवणीत पेशी मरत राहतात, अगदीच कोरडे केले तरी नुकसान होते. त्यानंतर निर्वात असतानाच अँप्युलची मान ज्योतीवर वितळवून बंद करायची.

बिघाड डोळ्यांना दिसतो. नीट सुकलेला गोळा पांढरा, सच्छिद्र आणि मूळ आकाराचा असतो. तो आक्रसून, पिवळट चिकट होऊन काचेला लागला असेल तर मधेच बर्फ वितळला होता. तो घाण टाकून द्यावा. निर्वात टिकला का, हे उच्च-विद्युतदाबाच्या ठिणगी-चाचणीने पाहतात. अँप्युलमध्ये जांभळट उजेड दिसला तर ठीक, काहीच दिसले नाही तर हवा आत शिरली आहे. प्राणवायू आणि ओलावा हे सुकलेल्या जिवाणूचे दोन शत्रू. अशा अँप्युल चार अंशांच्या साध्या फ्रिजमध्ये, अंधारात ठेवल्या तरी चालतात. घाईत अंदाज हवा असेल तर एक अँप्युल दोन आठवडे ३७ अंशांना ठेवून मोजणी करतात. उष्णतेत जो माल टिकला तो थंडीत वर्षानुवर्षे टिकण्याची शक्यता अधिक. सगळेच जिवाणू मात्र सुकवून घेत नाहीत. कॅम्पिलोबॅक्टरसारख्या वेटोळ्या जिवाणूंचे हाल होतात, त्यांना गोठवणेच बरे. उलट बॅसिलसचे बीजाणू कोरडेपणाला जुमानत नाहीत.

सुकवलेला माल किती काळ टिकतो, याचा एक दाखला इंग्लंडच्या राष्ट्रीय प्रकार-संवर्धन संग्रहात, एनसीटीसीत आहे. तिथला क्रमांक १ म्हणजे हगवणीचा शिगेला फ्लेक्सनरी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या विमरो येथे १९१५ मध्ये हगवणीने मरण पावलेला ब्रिटिश सैनिक अर्नेस्ट केबल याच्यापासून तो वेगळा केला गेला होता. १९५१ मध्ये तो सुकवून काचेत बंद झाला. जवळपास साठ वर्षांनी तो पुन्हा वाढवून त्याचा जनुकक्रम उलगडण्यात आला. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासानुसार तो पेनिसिलिनला दाद देत नव्हता. फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले १९२८ मध्ये, म्हणजे हा जिवाणू त्याआधीच तयार होता.

आता महाविद्यालयापुरते बोलायचे तर दोन्ही पद्धतींची सांगड अशी घालता येते. चंदीगडच्या एमटीसीसीकडून किंवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएमकडून घेतलेला मूळ जिवाणू आला की त्याची शुद्धता आणि मुख्य चाचण्या पाहून लगेच दहा ‘मूळ’ कुप्या किंवा अँप्युल करायच्या. ही पहिली लागवड. वर्षातून एकच मूळ कुपी उघडायची आणि तिच्यापासून बारा ‘कामाच्या’ ग्लिसरॉल कुप्या भरायच्या, ही दुसरी. दर महिन्याला एक कामाची कुपी खरवडून थाळी करायची, ती तिसरी, आणि तिच्यावरून वर्गासाठी स्लँट, ते चौथे. वापरून झालेल्या स्लँटवरून पुढचे स्लँट करायचे नाहीत, ते ऑटोक्लेव्ह करून टाकायचे. संदर्भ-जिवाणूच्या पाचपेक्षा अधिक लागवडी करू नयेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. या रीतीने दहा वर्षे शिकवूनही तो मोडत नाही. मूळ कुप्यांची अर्धी पेटी दुसऱ्या विभागाच्या फ्रीझरमध्ये ठेवावी. एका रात्रीच्या बिघाडात सगळा संग्रह जाऊ नये म्हणून एवढी काळजी.

बंद अँप्युल उघडताना मानेवर कानशीने चरा पाडतात, ७० टक्के अल्कोहोलने पुसतात आणि जाड कापसात गुंडाळून मोडतात. आत निर्वात असल्याने हवा जोराने आत घुसते आणि भुकटी उडू शकते, म्हणून कापसाचा बोळा महत्त्वाचा, आणि रोगकारक जिवाणू असेल तर हे काम सुरक्षा-कपाटातच. मग अर्धा मिलिलिटर द्रव माध्यम घालून काही मिनिटे भिजू द्यायचे आणि थाळीवर पसरायचे. सुकवलेल्या पेशींना जागे व्हायला वेळ लागतो. चोवीस तासांत वाढ दिसली नाही म्हणून थाळी फेकू नये, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे.

राहिली नावपट्टी. साध्या मार्करची शाई अल्कोहोलच्या एका पुसण्यात जाते आणि गोंद उणे ८० ला सुटतो. कुपीवर अल्कोहोलने न जाणाऱ्या शाईने क्रमांक, तारीख आणि कितवी लागवड हे लिहावे आणि बाकीचा तपशील नोंदवहीत ठेवावा. अँप्युलसाठी जुनी रीत अजूनही सर्वांत भरवशाची आहे. कागदाच्या बारीक पट्टीवर पेन्सिलीने क्रमांक लिहून, ती निर्जंतुक करून, जिवाणू घालण्याआधीच अँप्युलच्या आत सोडतात.